भिंत, फाईल की चौक? फेस स्वॅपची ऑर्डर घेण्याआधी विचारायचे पाच प्रश्न

सोलापुरातल्या फोटो स्टुडिओवाल्या मित्रांनो, ही पोस्ट आधी तुमच्यासाठी. आणि मग तुमच्या काउंटरवर पेन ड्राइव्ह घेऊन येणाऱ्या आम्हा सगळ्यांसाठी. थोडी लांब झालीय, पण शेवटपर्यंत वाचा. खाली एक छोटा फॉर्म दिलाय, तो उचलून आपापल्या दुकानात लावला तरी चालेल.

एकाच्या धडावर दुसऱ्याचं डोकं लावायचं काम स्टुडिओला नवीन नाही. डार्करूमच्या काळात कात्री, डिंक आणि ब्रशनं हेच व्हायचं. ग्रुप फोटोत कुणाचे डोळे मिटले, तर दुसऱ्या फ्रेममधला चेहरा लावतात. वारलेल्या आजोबांचा ओळखपत्रावरचा फोटो घेऊन त्यांना कोट-फेटा चढवतात. लग्नाला वेळेवर न पोहोचलेल्या मामांना स्टेजवर उभं करतात. ही सगळी चांगली कामं आहेत, आणि ती चालूच राहावीत. फरक एवढाच पडलाय, की पूर्वी या कामाला कारागीर लागायचा आणि दिवस जायचा. आता सॉफ्टवेअर काही मिनिटांत चेहरा बसवतं, मानेचा रंग जुळवतं, सावलीसुद्धा पाडतं. काम सोपं झालं म्हणून ऑर्डरी वाढल्या, आणि त्यात कुठल्याही ऑर्डरी यायला लागल्या.

माझं म्हणणं असं आहे. ऑर्डर घेताना आपण गिऱ्हाइकाला साइज विचारतो, मॅट की ग्लॉसी विचारतो, कधी पाहिजे ते विचारतो. फोटो कशाला पाहिजे, ते मात्र विचारत नाही. आणि चेहरा बदलण्याच्या कामात चांगलं-वाईट ठरतं ते तिथंच. एडिटिंग तेच असतं, फोटो कुठं जाणार यावर ते प्रेमाचं काम आहे की गुन्ह्याचं, हे ठरतं.

पहिला प्रश्न : फोटो कुठं लागणार?

उत्तरं तीनच असतात. भिंत, फाईल किंवा चौक.

भिंत म्हणजे घर. फ्रेम, अल्बम, देवघराशेजारचा फोटो. तो बघणारी घरचीच माणसं असतात, आणि त्यात काय खरं, काय जोडलेलं, हे त्यांना माहीत असतं. इथं कुणाची फसवणूक होत नाही.

फाईल म्हणजे असं कुठलंही टेबल, जिथं समोरचा माणूस फोटो बघून निर्णय घेतो. बँक, परीक्षेचा अर्ज, पासपोर्ट, विमा, पेन्शन, कोर्ट, लग्न नोंदणी, अनुदानाचा प्रस्ताव. इथं फोटो ही आठवण राहत नाही, तो पुरावा होतो.

चौक म्हणजे अनोळखी माणसं बघणार ती जागा. सात रस्त्यावरचा फ्लेक्स, लग्नाची पत्रिका, दुकानाची जाहिरात, इन्स्टाग्राम. व्हॉट्सॲप स्टेटसही चौकातच धरा. “फक्त स्टेटसला ठेवणार हाय ओ” असं म्हणणाऱ्याच्या मोबाईलमध्ये पाच-सातशे नंबर असतात.

आता बघा. बहिणीच्या लग्नात मामा उशिरा आले, त्यांना ग्रुप फोटोत उभं करून द्या म्हटलं, तर बिनधास्त करा. पण बचत गटाच्या प्रशिक्षणाला आठ बायका आल्या होत्या आणि ग्रुप फोटोत बारा दाखवून द्या म्हटलं, तर? हात तोच, माऊस तोच, वेळही तेवढाच. पण दुसरा फोटो अहवालाला जोडून कुठल्या तरी कार्यालयात जाणार, आणि त्याच्या जोरावर पैसे निघणार. तो खोटा पुरावा झाला, आणि तो स्टुडिओत तयार झाला.

फाईलचं सगळ्यात गंभीर उदाहरण परीक्षांचं आहे. २०२२ च्या नीट परीक्षेत खऱ्या उमेदवाराच्या जागी डमी बसवल्याप्रकरणी सीबीआयनं गुन्हा दाखल केला, काही जणांना अटक केली. प्रवेशपत्रासाठी उमेदवाराचा आणि डमीचा फोटो एकमेकांत मिसळला होता, असा त्यात आरोप होता. असा फोटो दोघांसारखा दिसतो. पर्यवेक्षक हातातलं कार्ड बघतो, समोरचा चेहरा बघतो, आणि ‘असेल’ म्हणून सोडून देतो. उद्या पोलीस भरतीच्या मोसमात एखादा दोन फोटो घेऊन आला आणि म्हणाला, “दोघांचं मिळून एक करा, गंमत करायचीय, पण साइज पासपोर्टचीच ठेवा आणि मागं पांढरं करा,” तर ती गंमत नाही. गमतीच्या फोटोला पांढरी पार्श्वभूमी लागत नाही.

सगळेच फाईलवाले लबाड नसतात, हेही सांगायला पाहिजे. महापालिकेत लग्नाची नोंदणी करताना लग्नातला फोटो मागतात. तीस-चाळीस वर्षांपूर्वी साधेपणानं लग्न झालेल्या जोडप्याकडं तो नसतो. पासपोर्ट किंवा पेन्शनच्या कामासाठी दाखला लागतो, मग ते स्टुडिओत येतात आणि म्हणतात, “आम्हाला हार घातलेले, मुंडावळ्या बांधलेले करून द्या.” लग्न खरं आहे, जोडपं खरं आहे, गरजही खरी आहे. तरीसुद्धा तो फोटो खोटा आहे. कारण त्यात न झालेला प्रसंग दाखवलाय, आणि तो नोंदणी अधिकाऱ्यासमोर खरा म्हणून ठेवला जाणार आहे. अशा वेळी त्यांना सरळ सांगा, “काका, हा फोटो जोडला आणि उद्या कुणी तक्रार केली, तर तुमचं खरं लग्न खोट्यात जाईल. दोघांचा आजचा फोटो काढून देतो. नोंदणी कार्यालयात जाऊन सांगा लग्नातला फोटो नाही म्हणून, त्याऐवजी काय चालतं ते तेच सांगतील.” नकार असाही देता येतो.

दुसरा प्रश्न : चेहरा कुणाचा, आणि तो हो म्हणालाय का?

समोर उभा असलेला माणूस स्वतःचाच चेहरा लावायला सांगत असेल, तर प्रश्न मिटला. दुसऱ्याचा असेल तर त्याची परवानगी पाहिजे. परवानगी म्हणजे गिऱ्हाइकाचं “तिची काय हरकत नाही” हे वाक्य नव्हे. सरळ फोन लावायचा, जमलं तर व्हिडिओ कॉल, काउंटरवरूनच. “ताई, तुमचा फोटो असा असा करायला सांगितलाय, चालेल ना?” एवढंच. खरं नातं असेल तर दोन मिनिटांचं काम आहे. नसेल, तर फोन लागत नाही, बॅटरी संपते, ती झोपलेली असते, आणि साहेब “नंतर येतो” म्हणून निघून जातात.

आणखी एक खूण फोटोतच असते. घरच्या माणसाकडं घरचा फोटो असतो. लग्नातला, सहलीतला, मोबाईलमधला मूळ. परक्या माणसाकडं स्क्रीनशॉट असतो. वर प्रोफाइलचं गोल चित्र, खाली लाईकचं बदाम, कडेला मोबाईलची बॅटरी. पोरगा असा स्क्रीनशॉट घेऊन आला आणि म्हणाला, “आमचं जमलंय, दोघांचा एकत्र फोटो करून द्या, सरप्राईज द्यायचंय,” तर थांबा. त्या फोटोत काही अश्लील नसेल, दोघं नुसतं शेजारी उभे असतील, पण आपला समाज तुम्हाला माहीत आहे. मुलीचं लग्न ठरल्यावर तोच फोटो सासरच्या मोबाईलवर पोहोचला, तर काय होतं हे मी सांगायची गरज नाही. ती खरं बोलत असूनही तिच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, कारण तुमचं काम सफाईदार असेल.

माणूस वारलेला असेल तर परवानगी घरच्यांची घ्यायची. नवरा किंवा बायको, मुलं, आई-वडील. पुतण्या, शेजारी, ‘कार्यकर्ता’ यांची चालणार नाही. मूल असेल तर आई-वडिलांची.

तिसरा प्रश्न : धड कुणाचं?

हा प्रश्न जवळपास कुणीच विचारत नाही, आणि गोंधळ इथंच होतो. फेस स्वॅपमध्ये नेहमी दोन माणसं असतात. एकाचा चेहरा जातो, दुसऱ्याचं शरीर जातं. नोव्हेंबर २०२३ मध्ये रश्मिका मंदानाचा बनावट व्हिडिओ देशभर फिरला. तिच्यावर अन्याय झाला, त्यावर बोललंही गेलं, आणि जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी आंध्रातून एका तरुणाला पकडलं. फॅन पेजचे फॉलोअर वाढवण्यासाठी त्यानं ते केलं होतं, असं पोलिसांनी सांगितलं. पण त्या व्हिडिओतलं शरीर भारतीय वंशाच्या एका ब्रिटिश तरुणीचं होतं. तिनं स्वतःसाठी टाकलेला व्हिडिओ तिला न विचारता दुसरीच्या नावावर जगभर गेला. तिची चर्चा किती झाली?

आपल्याकडचं उदाहरण घ्या. समजा एखाद्या हौशी नेत्याला वाढदिवसाच्या फ्लेक्सवर आपला चेहरा नंदीध्वज पेलणाऱ्याच्या अंगावर लावून पाहिजे. पांढरी बाराबंदी, मागं गड्ड्याची गर्दी. चेहरा त्याचाच आहे, परवानगी त्याचीच आहे, त्यामुळं काम निर्धोक वाटतं. पण बाराबंदीतला तो माणूस खरा आहे. तो नंदीध्वज पेलायला वर्षानुवर्षं सराव करतो, त्याच्या घरी ही सेवा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असते. त्याचं धड फ्लेक्सवर लागलं, की चौकातला पहिला भाविकच ओळखणार, की हा तर अमक्याचा हात आहे, आणि डोकं कुणाचं लावलंय? मग भांडण स्टुडिओच्या दारात येतं, कारण फ्लेक्सच्या कोपऱ्यात तुमचंच नाव असतं.

म्हणून धड कुठून आणलं, हे फॉर्मवर लिहायचं. गिऱ्हाइकाचंच, घरातल्या माणसाचं, विकत घेतलेल्या फोटोतलं, की गुगलवरून उचललेलं? शेवटचं उत्तर आलं, तर चौकासाठी ते काम घ्यायचं नाही.

चौथा प्रश्न : काय घेऊन जाणार, आणि त्यावर काय लिहिणार?

भिंतीसाठीचं काम असेल तर प्रिंट द्या. सॉफ्ट कॉपी मागितली तर फोटोवरच, खालच्या पट्टीत, ‘जोडचित्र’ असं लिहून द्या. फाईलच्या आतल्या माहितीत लिहून उपयोग नाही. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की ती माहिती निघून जाते. फोटोच्या मागं शिक्का मारला तरी मोबाईलवर फोटो काढणारा पुढचीच बाजू काढतो. म्हणून अक्षर समोर पाहिजे, आणि फोटोच्या अशा भागावर पाहिजे, की ते कापलं तर फोटोही कापला जाईल.

“शिक्का नको, तारीख नको, प्रिंट नको, फक्त फाईल मेल करा” असं कुणी आग्रहानं म्हणत असेल, तर पहिला प्रश्न पुन्हा विचारा. भिंतीवर लावणाऱ्याला पट्टीचा त्रास होत नाही.

पाचवा प्रश्न : मूळ फोटो आमच्याकडं किती दिवस राहणार?

हा प्रश्न गिऱ्हाइकानं स्टुडिओला विचारायचा आहे, आणि स्टुडिओनं न विचारता सांगायचा आहे. आपल्या बायका-पोरांचे चेहरे तुमच्या कॉम्प्युटरवर, दुकानाच्या व्हॉट्सॲपवर, हाताखालच्या पोराच्या मोबाईलवर पडलेले असतात. माझ्या मते काम दिल्यावर तीस दिवस पुरेत. दुरुस्ती असेल तर तेवढ्यात होते. मग मूळ फोटो पुसायचे. कॉम्प्युटरवरून, रिसायकल बिनमधून, व्हॉट्सॲपमधून, ड्राइव्हवरून. फॉर्म आणि तयार फोटोची छोटी प्रत मात्र ठेवायची, कारण उद्या वाद झाला तर ‘आम्ही काय दिलं होतं’ हे दाखवायला तीच कामाला येते. फुकटच्या फेस स्वॅप वेबसाइटवर गिऱ्हाइकाचा चेहरा चढवत असाल, तर तेही आधी सांगा. तिथं गेलेला चेहरा पुसणं तुमच्या हातात नाही.

या पाच प्रश्नांचा फॉर्म असा होतो. अर्ध्या पानात बसतो.

१) फोटो कुठं लागणार : भिंत / फाईल / चौक. नेमकी जागा लिहा.
२) चेहरा कुणाचा, गिऱ्हाइकाशी नातं, परवानगी कशी घेतली (समोर / फोनवर / घरच्यांची).
३) धड किंवा मूळ फोटो कुणाचा, कुठून मिळाला.
४) काय दिलं : प्रिंट / फाईल. ‘जोडचित्र’ लिहिलं का.
५) मूळ फोटो पुसण्याची तारीख.
खाली एक ओळ : “हा फोटो वर लिहिलेल्या कामाशिवाय दुसरीकडं वापरणार नाही.” सही, नाव, मोबाईल नंबर, तारीख.

एक काम या फॉर्मवरून चालवून बघू. बहीण-भाऊ येतात. वडील दोन वर्षांपूर्वी वारले, आता बहिणीचं लग्न झालं. स्टेजवरच्या फोटोत वडील पाहिजेत. अशी कामं स्टुडिओत नेहमीची आहेत, आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर आहेत.

कुठं लागणार? भिंतीवर, बारा बाय अठराची फ्रेम. चेहरा वडिलांचा, आई फोनवर हो म्हणते. धड कुणाचं? वडिलांचा उभा फोटो नाही, ओळखपत्रावरचाच आहे. लग्नात काका शेजारी उभे होते, अंगकाठी सारखी आहे, म्हणून त्यांच्या धडावर चेहरा लावायचा. मग काकांनाही विचारलं पाहिजे. ते हसत हो म्हणतील, पण विचारल्यावर. काय देणार? प्रिंट, आणि खालच्या पट्टीत ‘कै. वडिलांच्या स्मरणार्थ जोडचित्र’. घरच्यांना ही पट्टी खुपत नाही. उलट फोटोला भारदस्तपणा येतो.

ती पट्टी कशाला, असं विचाराल. दहा वर्षांनी जमिनीच्या वाटणीचा वाद निघाला, आणि कुणीतरी हा फोटो पुढं करून म्हणालं, की बघा, लग्नाच्या दिवशी वडील हयात होते, मृत्यूची तारीखच खोटी आहे, तर? फोटो चांगल्या भावनेनं केला होता, पण फोटोला भावना कळत नाही. तो भिंतीवरून उतरून फाईलमध्ये जाऊन बसू शकतो. पट्टी असेल तर त्याला तिथं बसता येत नाही.

आणि महिन्याभरानं तोच भाऊ परत आला, “यातलाच वडिलांचा चेहरा कापून वारसाच्या कागदाला फोटो करून द्या, यात छान दिसतात” म्हणाला, तर द्यायचा नाही. ओळखपत्रावरचा मूळ फोटो स्कॅन करून, स्वच्छ करून द्यायचा. जोडलेल्या फोटोत सॉफ्टवेअरनं डोळे, दात, कपाळ स्वतःच्या अंदाजानं भरलेलं असतं. तो चेहरा वडिलांसारखा आहे, वडिलांचा नाही.

आता न घ्यायची कामं. चारच आहेत.

पहिलं, फाईलसाठीचं कुठलंही चेहरा बदललेलं काम. डाग काढणं, उजेड वाढवणं वेगळं, पण चेहरा बदलणं, मिसळणं, नसलेला माणूस आणणं नाही. फसवणुकीसाठी खोटा इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज बनवला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३६ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कुणाची बदनामी करायला बनवला, तर तीन वर्षांपर्यंत. यात ‘बनवणारा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. नुसता वापरणाराच अडकतो असं नाही.

दुसरं, ज्याचा चेहरा तो हो म्हणालेला नाही, असं काम. विशेषतः बाई आणि पुरुष एकत्र दाखवायचे असतील तर.

तिसरं, नग्न किंवा अश्लील. इथं परवानगी विचारायचीसुद्धा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ अश्लील मजकूर प्रसिद्ध करण्याबद्दल आहे तसंच तो पाठवण्याबद्दलही आहे. तुम्ही तयार फोटो गिऱ्हाइकाच्या व्हॉट्सॲपवर टाकला, की तुम्ही पाठवला. पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे.

आणि असा फोटो लहान मुलाचा किंवा मुलीचा असेल, तर नकार देऊन भागत नाही. हे बऱ्याच स्टुडिओवाल्यांना माहीत नाही, म्हणून नीट वाचा. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम २० मध्ये ‘स्टुडिओ’ आणि ‘छायाचित्रण सुविधा’ यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. मुलांचं लैंगिक शोषण दाखवणारं काही हाती आलं, तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, दुकानात एकच माणूस काम करत असला तरी. कळवलं नाही तर तो गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कॉम्प्युटरवर बनवलेली, बदललेली चित्रंही यात धरली जातात, त्यामुळं ‘चेहराच तर लावलाय, खरं कुठं आहे’ ही सबब चालत नाही. असं काही आलं तर मित्रांना दाखवू नका, ग्रुपवर टाकू नका, पुरावा म्हणूनही पुढं पाठवू नका. थेट पोलीस ठाण्यात जा.

चौथं, महापुरुष, देव-देवता आणि विरोधकांचे चेहरे, चौकासाठी. जानेवारी २०२० मध्ये दिल्लीच्या निवडणुकीच्या वेळी ‘तान्हाजी’ चित्रपटाच्या दृश्यांवर पंतप्रधान मोदी, अमित शहा आणि केजरीवाल यांचे चेहरे लावलेला व्हिडिओ फिरला. शिवाजी महाराजांच्या जागी मोदींचा चेहरा होता. बनवणाऱ्यांनी तो विनोद म्हणून केला असेल, पण महाराष्ट्रात सगळ्या पक्षांतून संताप उसळला, आणि भाजपलाही या व्हिडिओशी आपला संबंध नसल्याचं सांगावं लागलं. लक्षात घ्या, तिथं महाराजांची टिंगल नव्हती, नेत्याचं कौतुकच होतं. तरी लोकांना लागलं. जयंतीच्या आदल्या रात्री “साहेबांना महाराजांच्या वेशात सिंहासनावर बसवा” अशी ऑर्डर येते, तेव्हा हे आठवा. मावळ्याच्या वेशात पोराचा वाढदिवसाचा फोटो ही हौस आहे, ती भिंतीवर शोभते. महाराजांच्या किंवा बाबासाहेबांच्या धडावर कुणाचंही डोकं ही हौस नाही. आणि आपल्या गावात एका फ्लेक्सवरून काय पेटू शकतं, हे आपल्याला माहीत आहे.

नकार देताना वाद घालू नका, भाषण देऊ नका. फॉर्मकडं बोट दाखवा आणि म्हणा, “दुकानाचा नियम हाय, हे काम होत नाही.” वहीत तारीख आणि कामाचा प्रकार लिहून ठेवा. फोटो ठेवून घेऊ नका. स्टुडिओवाल्यांच्या ग्रुपवर सांगायचं असेल तर कामाचा प्रकार सांगा, माणसाचं नाव टाकू नका. नाहीतर बदनामीची तक्रार तुमच्यावरच यायची.

दोन आक्षेप मला माहीत आहेत. पहिला, “आम्ही नाही म्हटलं तर तो शेजारच्या दुकानात जाईल, नाहीतर मोबाईलवर फुकट करेल.” जाईल की. पण मोबाईलवरच्या फुकटच्या कामात कानाजवळ, केसांच्या कडेला, चष्म्याच्या काडीवर गडबड दिसते. झूम केलं की कळतं. ज्याला ते कळू नये असं वाटतं, तोच पैसे मोजून तुमच्याकडं येतो. म्हणजे वाईट कामांतली सगळ्यात घातक कामं तुमच्याच काउंटरवर येतात. तिथं ती अडली, तर खरंच अडतात. आणि शेजारच्या दुकानातही हाच फॉर्म असेल, तर तो जाणार कुठं?

दुसरा, “गिऱ्हाईक खोटं लिहून देईल.” देईल. फॉर्म काही पोलीस नाही. भिंत लिहून फाईलला लावणारे निघतील, आणि व्हिडिओ कॉलवर भलतीलाच बसवणारेही निघतील. पण लबाड माणूस बोलताना घाबरत नाही, सही करताना घाबरतो. आणि त्यानं खोटं लिहून दिलंच, तर तुम्ही विचारलं होतं, त्यानं असं सांगितलं होतं, आणि तुम्ही ‘जोडचित्र’ लिहून दिलं होतं, हे तिन्ही तुमच्या हातात कागदावर असतं. आज तुमच्याकडं काय असतं? दोन-तीनशे रुपयांची पावती, आणि त्यावर लिहिलेलं ‘एडिटिंग’.

गिऱ्हाइकांनाही एक सांगणं आहे. स्टुडिओवाल्यानं “कशाला पाहिजे?” विचारलं तर रागावू नका. तो तुमच्यावर संशय घेत नाही. उद्या तुमच्या मुलीचा फोटो घेऊन दुसरा कुणी त्याच काउंटरवर उभा राहील, तेव्हाही तो हाच प्रश्न विचारणार आहे. कुणाचा असा बनावट फोटो फिरत असल्याचं कळलं, तर पुढं पाठवू नका. cybercrime.gov.in वर तक्रार करता येते, आणि बायका-मुलांच्या बाबतीत नाव न सांगताही करता येते.

स्टुडिओवाल्यांनो, फॉर्ममध्ये काही कमी-जास्त करायचं असेल, तुमच्याकडं आलेली एखादी वेगळीच ऑर्डर सांगायची असेल, तर कमेंटमध्ये लिहा, नावं न घेता. आपल्याकडं तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारं गिऱ्हाईकही तेवढंच आहे. कुणी या पाच ओळी त्या भाषांत करून दिल्या, तर लगेच इथं टाकतो.